मृत्युंजयची तिसरी प्रत कुणाकडे आहे? वाचनालयाच्या वेब ॲपचे डेमो डेतील भाषण

विद्यार्थ्यांच्या गटाने तयार केलेले सॉफ्टवेअर परीक्षकांसमोर प्रत्यक्ष चालवून दाखवायचे आणि त्याबद्दल मोजक्या वेळात बोलायचे, या कार्यक्रमाला आता महाविद्यालयांत सर्रास ‘डेमो डे’ म्हणतात. हे नाव नवउद्योगांच्या जगातून आले. तिथे नवे उद्योजक गुंतवणूकदारांसमोर आपले काम मांडतात. महाविद्यालयात गुंतवणूकदारांच्या जागी एखादे प्राध्यापक, एखाद्या कंपनीतला अभियंता आणि कधीकधी ज्या संस्थेसाठी ॲप केले तिथली व्यक्ती बसलेली असते. बोलायला साधारण पाच मिनिटे मिळतात, प्रश्नांना आणखी तीन-चार.

गावातल्या सार्वजनिक वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचे वेब ॲप हा अशा गटांचा आवडता विषय आहे. गरज खरी असते, वाचनालय हाकेच्या अंतरावर असते आणि काम एका सत्रात उरकेल असे वाटते. पण यातली बहुतेक भाषणे एकाच वळणाने जातात. आधी लॉगिनचा पडदा, मग डॅशबोर्ड, मग ‘पुस्तक जोडा’, ‘पुस्तक काढा’, ‘सभासद जोडा’ अशी बटणे एकामागून एक दाबून दाखवली जातात. परीक्षकांना बटणे दिसतात, पण या मुलांनी वाचनालयाच्या टेबलापाशी उभे राहून काही पाहिले का, हे कळत नाही. पाच मिनिटांत तेवढेच कळवायचे असेल, तर एक पुस्तक निवडावे, त्याची एक प्रत निवडावी आणि ती कपाटातून वाचकाच्या हातात जाऊन परत येईपर्यंत तिच्याच मागे राहावे. बाकीची बटणे प्रश्नोत्तरांसाठी राहू द्यावीत.

पुढचे विवेचन एक उदाहरण धरून केले आहे. तालुक्याच्या गावातले एक वाचनालय आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची अ, ब, क आणि ड अशी वर्गवारी असते. त्यातले हे ‘ब’ वर्गाचे आहे असे समजू. एक ग्रंथपाल, एक मदतनीस, देवघेवीचे एक टेबल आणि त्यावर रजिस्टर, एवढा त्याचा पसारा. विद्यार्थ्यांचा गट चार जणांचा आहे.

भाषण लिहायला बसण्याआधी शब्दांचा हिशेब करावा लागतो. सभागृहात सर्वांना नीट समजेल अशा गतीने मराठी बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. पाच मिनिटांतली अडीच पडद्यावर काही ना काही चालू असते आणि त्या वेळी बोलणे आपोआप मंदावते. म्हणून लिहिलेला मजकूर चारशे शब्दांच्या आत राहिला तरच वेळ पुरतो. चौघांनी चार तुकडे वाटून घेतले की माइक एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यातच वेळ जातो. एकाने बोलावे, दुसऱ्याने लॅपटॉप चालवावा आणि उरलेल्या दोघांनी प्रश्नांच्या वेळी पुढे यावे, ही वाटणी सोयीची पडते.

पहिले अर्धे मिनिट सहसा वाया जाते ते ‘आजच्या डिजिटल युगात’ अशा वाक्यांवर. त्याऐवजी टेबलापाशी रोज घडणाऱ्या संवादाने सुरुवात करता येते:

“संध्याकाळी साडेपाचला एक आजी वाचनालयात येतात आणि विचारतात, ‘बाई, मृत्युंजय आलं का हो?’ ग्रंथपालबाई कपाटाकडे बघतात आणि म्हणतात, ‘नाही आजी, बाहेरच आहे. पुढच्या आठवड्यात बघा.’ पुढच्या आठवड्यात आजी पुन्हा येतात. मृत्युंजय सोमवारी आलेलं असतं आणि मंगळवारी दुसऱ्यानं नेलेलं असतं. वाचनालयात या पुस्तकाच्या तीन प्रती आहेत. तिसरी प्रत कुणाकडे आहे आणि ती कधी येणार, एवढंच आमचं ॲप सांगतं.”

एवढ्या मजकुराला अर्धे-पाऊण मिनिट लागते. त्यात वापरणारी माणसे आली, अडचण आली आणि ॲप काय करते तेही आले. शेवटच्या वाक्यातला ‘एवढंच’ हा शब्द मोलाचा आहे, कारण दावा लहान असला की तो पुढच्या चार मिनिटांत पुराही करून दाखवता येतो.

यानंतर परीक्षकांच्या मनात येणारी शंका ठरलेली असते: रजिस्टर असताना हे कळत का नाही? त्याचे उत्तर देता यायचे, तर जुनी पद्धत कशी चालते हे गटाला नेमके माहीत हवे. छोट्या वाचनालयांत बहुधा सभासदवार रजिस्टर असते. प्रत्येक सभासदाला एक पान, त्यावर पुस्तकाचा दाखल क्रमांक, नेल्याची तारीख आणि परत आल्याची खूण. अमुक सभासदाकडे कोणते पुस्तक आहे, हे पान उघडताच दिसते. पण अमुक पुस्तक कोणाकडे आहे हे शोधायचे, तर सगळी पाने चाळावी लागतात.

मोठ्या आणि जुन्या ग्रंथालयांत ब्राऊन पद्धत रूढ होती आणि काही ठिकाणी अजूनही आहे. तिच्यात प्रत्येक प्रतीच्या आतल्या खिशात दाखल क्रमांक लिहिलेले एक कार्ड असते आणि प्रत्येक वाचकाकडे खिसा असलेली तिकिटे असतात. पुस्तक देताना त्याचे कार्ड काढून वाचकाच्या तिकिटाच्या खिशात घालतात, ही जोडी परतीच्या तारखेच्या फळीमागे ट्रेमध्ये लावतात आणि पुस्तकातल्या तारीखपट्टीवर शिक्का मारतात. उशीर झालेली पुस्तके या ट्रेत चटकन सापडतात, कारण मांडणी तारखेनुसार असते. पण तारीखपट्टी पुस्तकाबरोबर घरी गेलेली असते. एकच पुस्तक हुडकायचे, तर प्रत्येक तारखेमागे ते आहे का हे पाहत जावे लागते.

तेव्हा दोन्ही पद्धतींत ग्रंथपालाच्या बहुतेक प्रश्नांना उत्तर मिळते आणि नेमका आजींचा प्रश्न अडतो. भाषणातला दुसरा तुकडा हाच असावा. इथे रजिस्टरला नावे ठेवण्याचे कारण नाही. परीक्षकांत ग्रंथपाल बसलेल्या असतील तर त्यांनी वर्षानुवर्षे ते चोख सांभाळलेले असते. रजिस्टर कशाचे उत्तर देते आणि कशाचे देत नाही एवढे सांगितले की पुरते.

ब्राऊन पद्धतीतली आणखी एक गोष्ट ॲप करणाऱ्यांनी समजून घेण्याजोगी आहे. प्रतीचे कार्ड एकच असल्याने तीच प्रत दोन वाचकांच्या नावावर चढूच शकत नाही. कार्ड एका तिकिटात गेले की दुसऱ्या तिकिटासाठी ते उरतच नाही. ही हमी कागदाच्या त्या तुकड्यातच असते आणि तिच्यासाठी कुणाला वेगळे लक्ष ठेवावे लागत नाही. संगणकात असे कार्ड नसते, त्यामुळे ती हमी मुद्दाम घालावी लागते. विद्यार्थ्यांच्या ॲपमध्ये सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून डेमोचा मुख्य भागही इथेच असावा.

पहिली चूक पुस्तक आणि प्रत यांत फरक न करण्याची. मृत्युंजय हे एक पुस्तक आहे. त्याच्या तीन प्रती आहेत आणि प्रत्येकीला दाखल नोंदवहीत स्वतंत्र क्रमांक आहे, समजा ४१२७, ४१२८ आणि ६०३५. अनेक गट पुस्तकांचा एकच तक्ता करतात आणि त्यात ‘उपलब्ध संख्या: ३’ असा आकडा ठेवतात. पुस्तक दिले की आकडा एकने कमी, परत आले की एकने जास्त. आठवडाभर हे बरे चालते. मग एखादी प्रत पान फाटून परत येते किंवा हरवते आणि ती कोणती, हे सांगता येत नाही. आकडा चुकला तरी तो कुठे चुकला हे शोधायला काही माग उरत नाही.

पुस्तकामागच्या आयएसबीएनच्या बारकोडवर विसंबण्याची चूकही याच जातीची आहे. आयएसबीएन एका आवृत्तीच्या सर्व प्रतींना एकच असतो, त्यामुळे तो प्रत ओळखू शकत नाही. शिवाय ही क्रमांकपद्धत आंतरराष्ट्रीय पातळीवर १९७० साली ठरली आणि त्याआधी छापलेल्या पुस्तकांवर तो क्रमांक असणारच नाही. कपाटातले जुने मराठी धन बहुतेक त्याच काळातले. म्हणून बारकोड लावायचाच तर तो वाचनालयाच्या दाखल क्रमांकाचा, साध्या चिकटपट्टीवर छापलेला असावा. तक्ते तीन लागतात: पुस्तके, प्रती आणि देवघेव. भाषणात हे एका वाक्यात येते, “आमच्याकडे नोंद पुस्तकाची नाही, प्रतीची होते,” आणि पडद्यावर मृत्युंजयखाली तीन दाखल क्रमांक वेगवेगळे दिसतात. प्रत्येकासमोर परतीची तारीख असते.

दुसरी चूक अधिक खोल आहे. पुस्तक देताना ॲप आधी पाहते की प्रत मोकळी आहे का, आणि असेल तर नोंद करते. या दोन पायऱ्यांच्या मध्ये सेकंदाचा एखादा अंश जातो. त्या फटीत दुसरी विनंती आली तर तिलाही प्रत मोकळीच दिसते आणि दोन्ही नोंदी होतात. एका टेबलाच्या वाचनालयात असे कधी होणार, असे वाटते. पण इंटरनेट संथ असताना ‘द्या’ हे बटण दाबूनही पडदा हलत नाही म्हणून मदतनीस ते पुन्हा दाबतो आणि दोन विनंत्या पाठोपाठ जातात. किंवा ग्रंथपाल टेबलावर आणि मदतनीस बालविभागात आपापल्या फोनवर एकाच वेळी काम करत असतात, आणि दाखल क्रमांक टंकताना एकाची चूक होऊन तो दुसऱ्याच्या हातातल्या प्रतीचा क्रमांक घालतो. परिणाम असा की एक प्रत दोन नोंदींवर चढते. ती परत आल्यावर एकच नोंद मिटते आणि दुसऱ्या नावावर दंड साचत राहतो. रजिस्टरवर असा प्रकार क्वचित होतो आणि झाला तर तिथल्या तिथे समजतो. ॲपमध्ये मात्र तो महिन्याभराने, सभासद भांडायला आल्यावर समजतो.

यावर ‘आधी नीट तपासा’ असे आणखी कोड लिहून भागत नाही, कारण तपासणी आणि नोंद यांच्यातली फट तशीच राहते. हमी डेटाबेसनेच द्यायला हवी. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ती तीन ओळींत देता येते:

```sql
CREATE UNIQUE INDEX one_open_loan
ON loans (copy_id)
WHERE returned_on IS NULL;
```

याचा अर्थ असा की देवघेवीच्या तक्त्यात ज्या नोंदींची परतीची तारीख अजून रिकामी आहे, त्यांच्यात एक प्रत एकदाच येऊ शकते. मिटलेल्या जुन्या नोंदी कितीही असोत, त्यांना हा नियम लागू नाही. दोन विनंत्या अगदी एका क्षणी आल्या तरी डेटाबेस त्यांतली एक स्वीकारतो आणि दुसरी नाकारतो. ब्राऊन पद्धतीतल्या त्या एकुलत्या एका कार्डाचे काम इथे या तीन ओळी करतात.

भाषणात हे बोलून सांगण्यापेक्षा करून दाखवणे सोपे आहे. पडदा उभा दुभागून दोन खिडक्या उघडायच्या. डावीकडे टेबलावरचा पडदा, उजवीकडे बालविभागातला. दोन्हीकडे ४१२८ हा क्रमांक घालायचा आणि सभासद मात्र वेगळे घ्यायचे. दोन्हीकडे प्रत ‘कपाटात’ दिसते. इथे बोलणाऱ्याने क्षणभर थांबून परीक्षकांना दोन्ही खिडक्या बघू द्याव्यात. मग डावीकडचे ‘द्या’ दाबायचे. प्रत नावावर चढते, परतीची तारीख येते. लगेच उजवीकडचे दाबायचे. उजवीकडच्या पडद्याला अजून बदल कळलेला नसतो, तरी नोंद होत नाही आणि संदेश येतो: ‘ही प्रत नुकतीच दिली गेली आहे. ६०३५ कपाटात आहे.’ बोलणाऱ्याने एवढेच म्हणावे, “एक प्रत एका वेळी एकाच वाचकाकडे. हे आम्ही बटणावर सोडलेलं नाही, डेटाबेसवर सोपवलंय.” एकामागोमाग एक दाबलेली बटणे म्हणजे अगदी एका क्षणी आलेल्या विनंत्या नव्हेत, आणि जाणकार परीक्षक हे बोलून दाखवू शकतात. त्यासाठी एकाच वेळी पन्नास विनंत्या पाठवणारी एक छोटी चाचणी करून तिचा निकाल हाताशी ठेवावा. नोंद एकच झाली आणि बाकीच्या नाकारल्या गेल्या, हे त्यात दिसले पाहिजे.

नकाराचा संदेश कसा आहे यावरून गटाने प्रत्यक्ष कामाचा विचार केला का हे कळते. डेटाबेसचा मूळ संदेश इंग्रजीत, लांबलचक आणि घाबरवणारा असतो. तो तसाच पडद्यावर आला तर मदतनीस ॲप बिघडले असे समजून रजिस्टरकडे वळेल. बटण दोनदा दाबल्यामुळे नकार आला असेल आणि प्रत त्याच सभासदाच्या नावावर असेल, तर तक्रारीचे कारणच नाही. ‘नोंद झाली आहे’ एवढेच दाखवावे.

मराठी वाचनालयासाठीच्या ॲपमध्ये आणखी एक जागा हटकून अडते, ती शोधाची. पु. ल. देशपांडे यांचे ‘वाऱ्यावरची वरात’ शोधायचे आहे असे धरू. यातले ‘ऱ्य’ हे जोडाक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवले जाते. एकात खाली नुक्ता असलेला स्वतंत्र ‘ऱ’ वापरलेला असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ग्रंथपालांनी कार्यालयातल्या संगणकावर नाव एका तऱ्हेने टंकले आणि वाचकाने फोनवर दुसऱ्या तऱ्हेने, तर ॲप ‘पुस्तक सापडले नाही’ असे सांगते आणि पुस्तक समोरच्या कपाटात असते. रत्नाकर मतकरी यांच्या ‘ॲडम’चीही हीच गत. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या नोंदींत ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवलेले असते. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण चालवले तरी या जोड्या एक होत नाहीत, त्यामुळे ते केले म्हणून निर्धास्त झालेले गट इथे फसतात.

उपाय साधा आहे. पुस्तकाचे नाव जसे आहे तसे दाखवण्यासाठी ठेवायचे आणि शोधासाठी त्याचे दुसरे, घासूनपुसून सारखे केलेले रूप वेगळ्या रकान्यात ठेवायचे. त्या रूपात न दिसणारी जोडचिन्हे आणि नुक्ता काढून टाकायचे, दोन्ही ‘ॲ’ एक करायचे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मिटवायचा, म्हणजे ‘मृत्यूंजय’ लिहिणाऱ्यालाही मृत्युंजय सापडते. वाचकाने टंकलेल्या शब्दावरही हीच प्रक्रिया करायची. यामुळे क्वचित एखादे नको असलेले नाव यादीत येईल, पण हवे ते पुस्तक निसटण्यापेक्षा ते परवडते. डेमोमध्ये याला वीस सेकंदे पुरतात: दोन तऱ्हांनी टंकलेले तेच नाव, दोन्ही वेळा तेच उत्तर. मराठीत टंकणाऱ्या परीक्षकांना त्याचे मोल लगेच पटते. जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फाँटमध्ये असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागते, कारण त्या फाइलींत मुळात देवनागरी अक्षरे साठवलेलीच नसतात. हे काम किती दिवसांचे आहे ते गटाने आधीच करून पाहिलेले बरे, कारण ग्रंथपाल हमखास विचारतात.

ऐन भाषणाच्या वेळी डेमो का फसतो, याची कारणेही बहुतेक ठरलेली आहेत. फोनच्या कॅमेऱ्याने बारकोड वाचण्याची सोय त्यात पहिली. ब्राउझर कॅमेरा वापरू देतो तो फक्त सुरक्षित, म्हणजे `https` ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर किंवा त्याच यंत्रावरच्या `localhost` वर. विद्यार्थी घरी लॅपटॉपवर `localhost` वरच चाचणी घेतात आणि कॅमेरा व्यवस्थित चालतो. सभागृहात फोनवरून लॅपटॉपचा `http://192.168.1.5:3000` असा पत्ता उघडला की कॅमेरा सुरूच होत नाही. कोडमध्ये काही चूक नसते, त्यामुळे तिथे बसून शोधूनही काही सापडत नाही. ॲप आधीच `https` पत्त्यावर चढवलेले असावे, आणि क्रमांक हाताने टंकण्याची जागा कॅमेऱ्याच्या शेजारीच असावी. वाचनालयातही चिकटपट्टी पुसट झाली की त्या जागेचाच आधार लागतो.

मोफत होस्टिंगवर काही वेळ कुणी फिरकले नाही की सर्व्हर बंद ठेवला जातो आणि पहिल्या विनंतीनंतर तो पुन्हा उभा राहायला अर्धा-एक मिनिट लागू शकतो. पाच मिनिटांतले एक मिनिट गोल फिरणारे चिन्ह बघण्यात गेले, तर भाषण सावरता येत नाही. आपल्या आधीचा गट बोलत असतानाच ॲप एकदा उघडून ठेवावे. याशिवाय संपूर्ण डेमोचे दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण नसलेले चित्रीकरण लॅपटॉपवर असावे. नेट गेले तर बोलणारा तेच शब्द त्या चित्रीकरणावर बोलू शकतो.

तारखेची चूक मात्र अशी आहे की ती डेमोत पडद्यावर समोर दिसत असूनही गटाच्या लक्षात येत नाही. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. परतीची तारीख १५ जून ठरवून जावास्क्रिप्टमध्ये त्या दिवसाच्या मध्यरात्रीची वेळ घेतली आणि `toISOString()` ने साठवली, तर ती १४ जून, १८:३० अशी उतरते. त्यातला तारखेचा भाग कापून घेतला की परतीची तारीख एक दिवस अलीकडे सरकते आणि वेळेवर पुस्तक आणणाऱ्या प्रत्येकाला एका दिवसाचा दंड लागतो. तपासायची रीत अशी: आज एक पुस्तक दिल्याची नोंद करायची, वाचनालयाच्या नियमाचे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटाने मोजायचे आणि पडद्यावरच्या तारखेशी ताडून बघायचे. देवघेवीत तासांचा काही संबंध नसतो, म्हणून परतीची तारीख वेळेशिवाय, निव्वळ तारीख म्हणून साठवली की हा घोटाळा मुळातूनच टळतो.

प्रश्नांच्या वेळी पहिला प्रश्न बहुधा असा येतो: “कोहा असताना तुम्ही हे कशाला केलं?” प्रश्न रास्त आहे. कोहा ही न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांसाठी तयार झालेली आणि २००० सालापासून वापरात असलेली मुक्त ग्रंथालय प्रणाली आहे. भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणालीही आहे. या दोन्हींचा आवाका विद्यार्थ्यांच्या ॲपहून कितीतरी मोठा आहे आणि तो नाकारून उपयोग नाही. गटाने आपली जागा नेमकी सांगावी: “कोहात खरेदी, तालिका, नियतकालिकं सगळं आहे. ते चालवायला सर्व्हर सांभाळणारं माणूस लागतं आणि या वाचनालयात ते नाही. आम्ही फक्त देवघेव घेतली आहे. उद्या वाचनालयानं कोहा घ्यायचं ठरवलं, तर सर्व नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढता येतात. ती फाइल आत्ता दाखवतो.” हे वाक्य बोलायचे असेल तर ती फाइल खरोखर निघायला हवी आणि एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी अक्षरे शाबूत दिसायला हवीत. ती बिघडलेली दिसली, तर फाइलच्या आरंभी युनिकोडची खूण घातलेली नाही असे बहुधा निघते.

वीज गेल्यावर काय, हा ग्रंथपालांचा प्रश्न. रोज वाचनालय उघडताना बाहेर असलेल्या प्रतींची यादी छापून टेबलावर ठेवायची, वीज नसताना दिलेल्या-घेतलेल्या पुस्तकांची नोंद तिच्या मागच्या बाजूला हाताने करायची आणि वीज आल्यावर मूळ तारखेने ॲपमध्ये भरायची. त्यासाठी ॲपमध्ये मागची तारीख घालण्याची सोय असावी लागते. बहुतेक गट आजचीच तारीख आपोआप घालतात आणि ती बदलू देत नाहीत, तेव्हा ही उणीव या प्रश्नाने उघडी पडते.

तिसरा प्रश्न कोण काय वाचते या माहितीबद्दलचा. एखादा सभासद कोणत्या आजाराची, कोणत्या धर्माची, कोणत्या विचाराची पुस्तके नेतो, हे दुसऱ्या सभासदाला कळण्याचे कारण नाही. आजींना ‘तिसरी प्रत १४ तारखेला येईल’ एवढे दिसावे. ती कोणाकडे आहे हे फक्त ग्रंथपालांना दिसावे. पुस्तक परत आले आणि दंड, नुकसान यांचा हिशेब मिटला की काही दिवसांनी नोंदीतले सभासदाचे नाव काढून टाकता येते. वर्षाअखेर अहवालाला लागणारी देवघेवीची संख्या त्यानंतरही मिळते. भारतात २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, त्यामुळे हा प्रश्न आता परीक्षक हटकून काढतात. डेमोतली नावे आणि फोन क्रमांकही बनावट असावेत. वाचनालयाच्या खऱ्या सभासदांची यादी सभागृहाच्या पडद्यावर झळकली, तर याच प्रश्नाचे उत्तर आधीच चुकलेले असते.

आकड्यांच्या बाबतीत जेवढे मोजले तेवढेच बोलावे. ‘वेळ ८० टक्के वाचतो’ असे वाक्य ऐकले की परीक्षक विचारतात, कसे मोजले? टेबलापाशी बसून घड्याळ लावून तीस देवघेवी रजिस्टरवर आणि तीस ॲपवर मोजल्या, तर दोन खरे आकडे हाती येतात. पुस्तक देताना ॲपवर रजिस्टरपेक्षा थोडा जास्तच वेळ लागतो असेही त्यातून निघू शकते. तसे निघाले तर तेच सांगावे. ॲपचा फायदा पुस्तक देण्याच्या वेळेत नसून ‘ते कुठे आहे’ या प्रश्नात आहे, आणि सुरुवातीचा दावाही तेवढाच होता.

भाषणाचा शेवट ‘धन्यवाद’ने करण्याआधी मागणी मांडायची असते आणि ती जितकी लहान, तितकी मान्य होण्याची शक्यता जास्त. “आम्हाला वाचनालयातलं कादंबऱ्यांचं एक कपाट एक महिन्यासाठी हवं आहे. रजिस्टर बंद करू नका. दोन्हीकडे नोंद करू आणि रोज संध्याकाळी ताडून बघू.” या ताळ्यात दोन संख्या जुळाव्या लागतात: रजिस्टरप्रमाणे त्या कपाटातल्या किती प्रती बाहेर आहेत आणि ॲपप्रमाणे किती. फरक पडला की त्या दाखल क्रमांकांची यादी काढायची आणि त्या प्रती कपाटात आहेत का ते जाऊन पाहायचे. प्रत कपाटात असून ॲप ती बाहेर दाखवत असेल, तर परतीची नोंद राहिली. गर्दीच्या वेळी परत आलेली पुस्तके टेबलावर रचली जातात आणि नोंदीआधीच मदतनीस ती कपाटात लावून टाकतो, असे बहुधा निघते. त्यावर ॲपमध्ये काही बदल करावा लागत नाही. परत आलेल्या पुस्तकांसाठी टेबलाच्या डाव्या बाजूला एक वेगळी टोपली ठेवायची आणि नोंद झाल्याशिवाय तीतले पुस्तक हलवायचे नाही, एवढा नियम पुरतो.